आपलेच दोन व्हिडिओ एकमेकांच्या पायात पाय घालतात का, हे मी कसं तपासलं

गुहागर परिसरातल्या प्रवासाचं माझं छोटं चॅनल आहे. फेरीबोटी, घाट, देवळं, किनारे, असलं सगळं. त्यातल्या दाभोळ-धोपावे फेरीवर माझे दोन व्हिडिओ आहेत. पहिला डिसेंबर २०२२ चा, नऊ मिनिटांचा: दाभोळला पोचण्यापासून धोपाव्याला उतरेपर्यंत सगळं त्यात होतं, वेळापत्रक आणि दरफलकही. दुसरा डिसेंबर २०२३ चा, चार मिनिटांचा, फक्त नव्या वेळा आणि नवे दर सांगणारा. दर बदलले होते, लोक विचारत होते, म्हणून केला.

२०२४ च्या मे महिन्यात जुन्या व्हिडिओखाली टिप्पण्यांची रांग लागली. 'दर चुकीचे आहेत', 'आम्ही तिथे गेलो तर वेगळेच पैसे घेतले', 'अपडेट करा हो'. नवा व्हिडिओ येऊन पाच महिने झाले होते, तरी माणसं जुन्यावरच येत होती. यूट्यूबवर शोधून पाहिलं तर जुना वर, नवा त्याच्या दोन-तीन जागा खाली. चॅनल चालवणाऱ्या ओळखीच्या दोघांनी लगेच निदान केलं की तुझे व्हिडिओ एकमेकांना खातायत, जुना काढून टाक. काढला नाही. त्याऐवजी खरंच खातायत का ते आधी पाहायचं ठरवलं, आणि ते पाहण्यात पुढचं जवळजवळ वर्ष गेलं. त्याची ही हकिकत.

आधी थोडं यूट्यूबबद्दल, कारण एकाच शब्दावर दोन पानं ठेवू नका हा वेबसाइटवाल्यांचा सल्ला इथे जसाच्या तसा लागत नाही. यूट्यूबचा शोध प्रत्येक व्हिडिओला वेगळा तोलतो. शीर्षक, वर्णन आणि आतला मजकूर शोधाशी किती जुळतो, त्या शोधातून आलेली माणसं तो व्हिडिओ किती पाहतात, असं बघून क्रम लागतो. एकाच चॅनलचे दोन व्हिडिओ एका यादीत दिसायला आडकाठी नसते. म्हणजे दोघांचे शब्द जुळतात एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कधी दोन्ही दिसल्याने आपल्याला दोन जागा मिळतात आणि फायदाच होतो. नुकसान तेव्हा, जेव्हा दुसरा व्हिडिओ आल्यावर एकूण प्रेक्षक तेवढेच राहतात आणि फक्त वाटणी होते. त्याहून वाईट म्हणजे वाटणीत मोठा वाटा चुकीच्या व्हिडिओला जातो. माझी शंका ही दुसरी होती.

आकडे काढणं

जूनच्या पहिल्या आठवड्यात कामाला बसलो. पाऊस सुरू झालेला, पर्यटक घरी, कॅमेरा कपाटात. संगणकावरच YouTube Studio उघडलं. मोबाइल ॲपमध्ये हे इतक्या तपशिलात करता येत नाही. Analytics मध्ये Advanced mode उघडायचा. वर डाव्या कोपऱ्यात चॅनलचं नाव दिसतं, त्यावर क्लिक करून एकच व्हिडिओ निवडायचा. मग Traffic source, आणि त्यात YouTube search या ओळीवर क्लिक. माणसांनी काय टाइप करून हा व्हिडिओ गाठला त्याची यादी येते. प्रत्येक शब्दापुढे व्ह्यूज आणि सरासरी पाहण्याचा वेळ असतो. उजवीकडच्या बाणाने ती सरळ गूगल शीटमध्ये उतरवता येते.

तारखांची निवड इथे फार महत्त्वाची, आणि आपल्या कोकणात तर जास्तच. शेवटचे २८ दिवस ही आपोआप येणारी मुदत आमच्यासाठी निरुपयोगी. जुलैचे आकडे मेच्या आकड्यांशी कसे जुळणार? दिवाळी, डिसेंबरअखेर, एप्रिल-मे हे आमचे हंगाम, आणि गणपतीत चाकरमानी येतात ती वेगळीच उसळी. म्हणून मी एप्रिल-मे २०२३ आणि एप्रिल-मे २०२४ अशा दोनच मुदती घेतल्या. पहिल्या मुदतीत जुना व्हिडिओ एकटा होता, दुसऱ्या मुदतीत दोघं.

दुसरं एक लक्षात ठेवा: ही यादी पूर्ण नसते. अगदी थोड्या वेळा आलेले शोध यूट्यूब दाखवत नाही, त्यामुळे शब्दांची बेरीज YouTube search च्या एकूण व्ह्यूजपेक्षा कमी भरते. दोन्ही मुदतींत तशीच कमी भरते, म्हणून तुलनेला फार बाधा येत नाही.

यादी उतरवली आणि डोकं गरगरलं. दाभोळ फेरीसाठी माणसं काय काय लिहितात पाहा: `dabhol ferry timing`, `dabhol dhopave ferry`, `dabhol jetty`, `dhopave jeti boat`, दाभोळ फेरी बोट, दाभोळ जंगलजेट्टी, दाभोल फेरी, `guhagar ferry boat rate`, `dabhol to dhopave feri boat time`. यूट्यूब या प्रत्येकाला वेगळी ओळ देतं. शब्दशः जुळणी पाहिली असती तर दोन्ही व्हिडिओंच्या यादीत सारखे असे फारच थोडे शब्द निघाले असते आणि मी म्हटलं असतं, कुठे काय जुळतंय! मराठी चॅनलवाल्यांचा घोळ होतो तो इथेच. आपला प्रेक्षक तीच गोष्ट देवनागरीत, रोमनमध्ये, हिंदी वळणाने आणि चुकीच्या स्पेलिंगने शोधतो. जुळणी शब्दांची करण्यात अर्थ नाही, गरजेची करायची.

म्हणून शीटमध्ये एक जादा रकाना घेतला आणि त्याला 'गट' नाव दिलं. प्रत्येक शोधापुढे, या माणसाला नेमकं काय हवंय, ते हाताने लिहायचं. वेळ-दर विचारणारे सगळे 'वेळ-दर' गटात. `dapoli to guhagar by car`, दापोली ते गुहागर अंतर, असे सगळे 'दापोली-गुहागर' गटात. फेरीत गाडी कशी चढवायची, दुचाकी नेता येते का, हे 'गाडी' गटात. नुसतं `dabhol` लिहिणाऱ्याला काय हवंय ते कळत नाही, त्याला 'संदिग्ध' म्हटलं आणि बाजूला ठेवलं. ओढूनताणून गटात बसवू नका, आकडे बिघडतात.

हे काम कंटाळवाणं आहे. चिपळूणला लेखापालाकडे काम करणारा माझा भाचा सुट्टीला आला होता, तो शेजारी बसला म्हणून संपलं. `dhopave jetty` वर तो अडला.

"मामा, हा वेळ-दरमध्ये घालू का? याला नुसता रस्ता हवा असेल तर?"

"सरासरी किती वेळ बघितलाय बघ."

"पन्नास सेकंद."

पहिल्या मिनिटाच्या आत दरफलक येत होता आणि तो पाहून माणसं उठून जात होती. वेळ-दरच. संदिग्ध शब्दांचा निकाल असा सरासरी वेळावरून पुष्कळदा लावता येतो.

मग सूत्र. A रकान्यात व्हिडिओचं नाव, B मध्ये शोध, C मध्ये गट, D मध्ये व्ह्यूज. एखादा गट किती वेगवेगळ्या व्हिडिओंत येतो, हे गूगल शीटमध्ये असं काढता येतं:

```
=COUNTUNIQUEIFS(A:A, C:C, C2)
```

उत्तर १ पेक्षा जास्त आलं की तो गट दोन किंवा अधिक व्हिडिओंत आहे. साध्या COUNTIF ने हे होत नाही, कारण एका व्हिडिओतच त्या गटाच्या दहा ओळी असतात. आणि गटाची व्हिडिओनिहाय बेरीज:

```
=SUMIFS(D:D, C:C, "वेळ-दर", A:A, "जुना")
```

मुदत बदलली की वेगळं पान घ्यायचं, एकाच पानावर दोन वर्षं मिसळायची नाहीत.

मध्ये एक खर्चही झाला. शब्द शोधून देणाऱ्या एका सशुल्क साधनाची महिन्याची वर्गणी भरली, साडेसातशे रुपयांच्या आसपास. दाभोळ फेरीसारख्या छोट्या शब्दांवर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, देवनागरीचा तर पत्ताच नव्हता. शिवाय आपल्या कोणत्या व्हिडिओवर कोण कुठल्या शब्दाने आलं, ही माहिती आपल्या स्टुडिओत फुकट असते. पुढच्या महिन्याला बंद केलं.

दोन गट, दोन वेगळी उत्तरं

सारखे निघालेले गट दोन होते आणि त्यांनी अगदी उलट गोष्टी सांगितल्या, म्हणून दोन्ही सांगतो.

पहिला 'दापोली-गुहागर'. याच्यावर २०२४ च्या सुरुवातीला मी गाडीने जाण्याचा वेगळा व्हिडिओ टाकला होता: फेरीने कसं जायचं, आणि फेरी टाळायची तर खेड-चिपळूणवरून किती मोठा वळसा पडतो. २०२३ च्या एप्रिल-मेत जुन्या फेरी-व्हिडिओला या गटातून साधारण ११०० व्ह्यूज होते. २०२४ ला त्याला १०५० मिळाले आणि गाडीच्या व्हिडिओला १९००. बेरीज २९५०. जुन्याचं जवळजवळ काही गेलं नाही, वर नवे प्रेक्षक आले. शब्द जुळतात, व्हिडिओ शेजारी शेजारी दिसतात, पण भांडण नाही. ज्याला रस्ता हवा तो एक उघडतो, ज्याला बोट पाहायची तो दुसरा. याला हात लावायचं कारण नव्हतं. लोकांनी सांगितलं तसं सारखे शब्द दिसले की काढून टाकायला लागलो असतो, तर हा चालता धंदा बंद पडला असता.

दुसरा 'वेळ-दर'. २०२३ ला जुना एकटा होता तेव्हा ६२०० व्ह्यूज. २०२४ ला जुना ३९००, नवा २५००. बेरीज ६४००. नवा व्हिडिओ करायला मी धोपाव्याच्या तिकीट खिडकीवर जाऊन दर उतरवून आणले, एक दिवस घातला, पेट्रोल घातलं, आणि एकूण प्रेक्षक वाढले जेमतेम २००. त्यातही ६४०० पैकी ३९०० माणसं जुने दर बघून गेली.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. फेरीची चौकशीच त्या वर्षी कमी झाली असेल तर? गूगल ट्रेंड्समध्ये YouTube Search निवडून शोधाचा कल पाहता येतो, पण आपले शब्द इतके लहान की आलेख रिकामाच येतो. मी दुसरी वाट धरली. ज्यांच्या विषयावर माझा दुसरा व्हिडिओ नाही असे चॅनलवरचे इतर जुने व्हिडिओ, गुहागरचा किनारा, हेदवी, वेळणेश्वर, यांचे शोधातून आलेले व्ह्यूज दोन्ही मुदतींत पाहिले. ते जवळपास तेवढेच होते. म्हणजे बाजार पडला नव्हता.

मग क्लिकचं प्रमाण पाहिलं. त्याच Advanced mode मध्ये, व्हिडिओ निवडून, Traffic source च्या तक्त्यात YouTube search या ओळीपुढे Impressions आणि Impressions click-through rate दिसतात. थंबनेल निदान अर्धं, एका सेकंदापेक्षा जास्त वेळ पडद्यावर राहिलं तर यूट्यूब ते एक इम्प्रेशन धरतं. जुन्या व्हिडिओला शोधातून २०२३ ला सुमारे ९०,००० इम्प्रेशन होती आणि क्लिकचं प्रमाण ८.९ टक्के. २०२४ ला इम्प्रेशन ९१,०००, क्लिक ६.२ टक्के.

हा आकडा मला सगळ्यात बोलका वाटला. जुना व्हिडिओ खाली ढकलला गेला असता तर त्याची इम्प्रेशन घटली असती. ती जागच्या जागी आहेत आणि क्लिक घटलेत, म्हणजे दोघं एकाच यादीत एकत्र दिसतायत आणि माणूस दोघांतला एक निवडतोय. दोन्ही थंबनेलवर मी सारखीच बोट, सारखाच पिवळा पट्टा, सारखेच शब्द टाकले होते. नवीन कुठला हे ओळखायचं कसं? इम्प्रेशन घटली तर उपाय वेगळा असतो, तिथे यूट्यूबने आपला निर्णय घेतलेलाच असतो आणि नव्याला पुढे जाऊ देणं एवढंच उरतं. क्लिक घटले तर निर्णय माणसं घेतायत, आणि माणसांना थंबनेल व शीर्षकाने सांगता येतं.

पडताळा म्हणून शोधूनही पाहिलं. स्वतःच्या खात्यातून शोधू नका, यूट्यूबला तुमचे व्हिडिओ तुम्हीच सगळ्यात जास्त बघता हे माहीत असतं. खात्यातून बाहेर पडून इनकॉग्निटोमध्ये पाहिलं, शिवाय डोंबिवलीच्या मावसभावाला फोन केला. "अरे, 'दाभोळ फेरी टायमिंग' टाकून बघ आणि पहिल्या पानाचा फोटो पाठव." त्याच्याकडेही जुना वर, नवा खाली. वहिनीने वेगळ्या स्पेलिंगने पाहिलं, तिथेही तेच. चार माणसांचं पाहणं म्हणजे पुरावा नव्हे, पण तक्ता जे सांगत होता त्याच्याशी जुळलं.

जुन्याचं काय करायचं

व्हिडिओ काढला की त्याचे व्ह्यूज, त्यावरच्या टिप्पण्या, दुसरीकडे दिलेली लिंक, सगळं जातं. रत्नागिरीच्या एका ओळखीच्या चॅनलवाल्याने असाच जुना व्हिडिओ Private केला होता. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांमध्ये वर्षानुवर्षं फिरत असलेली ती लिंक मेली, आणि नव्या व्हिडिओला ती माणसं आपोआप मिळाली नाहीत. Unlisted केलं तर लिंक चालू राहते, पण शोधातून व्हिडिओ जातो. माझ्या जुन्या व्हिडिओत वेळ-दर सोडून बरंच चांगलं होतं. रॅम्पवरून गाडी उलटी कशी घ्यायला सांगतात, हातब्रेक, बोटीत कुठे उभं राहायचं, वाशिष्ठीच्या खाडीतून दिसणारा दाभोळचा काठ. आणि शीटमध्ये 'गाडी' गट होताच: दोन महिन्यांत जेमतेम दीडशे व्ह्यूज, पण त्यांचा सरासरी वेळ साडेचार मिनिटांच्या वर. म्हणजे या गरजेला माझा व्हिडिओ फिट्ट बसत होता, फक्त शीर्षक तसं म्हणत नव्हतं.

ठरलं ते असं: वेळ-दर हा विषय पूर्णपणे नव्या व्हिडिओचा. जुना व्हिडिओ त्या विषयावरचा हक्क सोडतो आणि गाडी चढवण्याचा होतो.

बदल ऑक्टोबर २०२४ मध्ये केले, दिवाळीच्या थोडे आधी. जुलैत केले असते तर परिणाम दिसायला माणसंच नव्हती. आणि ऐन दिवाळीत केले असते तर यूट्यूबला नव्या शीर्षकाची सवय व्हायच्या आत हंगाम संपला असता.

जुन्याचं शीर्षक होतं 'दाभोळ धोपावे फेरीबोट | वेळापत्रक, तिकीट दर, संपूर्ण माहिती | Dabhol Ferry Timing Fare'. ते केलं 'फेरीबोटीत गाडी कशी चढवायची? दाभोळ ते धोपावे'. 'संपूर्ण माहिती' हा शब्द तर मी आता सगळ्याच शीर्षकांतून काढतोय. संपूर्ण माहिती म्हटलं की व्हिडिओ चॅनलवरच्या प्रत्येक दुसऱ्या व्हिडिओच्या वाटेत येतो. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत वेळ आणि दर होते, ते काढून तिथे 'आताच्या वेळा आणि दर इथे' अशी नव्या व्हिडिओची लिंक दिली. टॅगांमधलेही वेळ-दराचे शब्द काढले, पण त्यावर वेळ घालवू नका; यूट्यूब स्वतःच सांगतं की शोधात टॅगचा वाटा अगदी थोडा, आणि ते कामाला येतात ते शब्द चुकीचा लिहिला जात असेल तिथे. त्यामुळे `dhopave`, `dopave`, `dhopawe` हे मी नव्या व्हिडिओच्या टॅगांत घातले.

वर्णनातले अध्याय विसरू नका. जुन्यात '0:48 तिकीट दर' असा अध्याय होता, तोही त्याच शब्दांची जाहिरात करत होता. अध्याय चालायला पहिला 0:00 पासून लागतो, किमान तीन लागतात आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचा, म्हणून एक काढताना बाकीच्यांच्या वेळा तपासाव्या लागतात.

आणि मग प्रत्यक्ष व्हिडिओ. शीर्षक बदललं तरी दरफलकाचं ते दृश्य आत राहिलं असतं तर चुकीचे दर लोकांपर्यंत जातच राहिले असते. यूट्यूबवर फाइल बदलता येत नाही, पण Studio च्या Editor मध्ये मधला तुकडा कापता येतो. लिंक आणि व्ह्यूज तेच राहतात. ज्या चॅनलना जाहिरातीचं उत्पन्न सुरू झालेलं नाही त्यांना एक लाख व्ह्यूज ओलांडलेल्या व्हिडिओवर असा बदल जपून ठेवता येत नाही, तेव्हा मोठा होण्याआधी काय ते करा. माझा लाखाच्या आत होता. दरफलकाचा तुकडा कापला, जपून ठेवला आणि रात्री झोपलो. प्रक्रिया चालू असेपर्यंत जुनीच आवृत्ती दिसत राहते, सकाळी नवी आली होती. पुढच्या सगळ्या अध्यायांच्या वेळा अर्थातच सरकल्या, त्या पुन्हा लिहिल्या.

थंबनेल बदललं: बोटीऐवजी रॅम्पवर चढणारी गाडी, पिवळा पट्टा नाही. शेवटी शेवटच्या पडद्यावर, एका कार्डात आणि पिन केलेल्या टिप्पणीत नव्याकडे जाणारी वाट ठेवली. वाट एकाच दिशेने ठेवा. दोन्ही व्हिडिओंत एकमेकांच्या लिंका वर ठेवल्या तर कुठला कशासाठी, हे माणसाला परत कळेनासं होतं. एक जागा माझ्या ध्यानात उशिरा आली, प्लेलिस्टची. 'दाभोळ फेरी वेळापत्रक' नावाची प्लेलिस्ट होती आणि प्लेलिस्टही शोधात दिसतात. तिचं नाव बदलून 'कोकणातल्या फेरीबोटी' केलं.

नव्या व्हिडिओला जवळजवळ हात लावला नाही. शीर्षकात सुरुवातीला दाभोळ फेरी आणि वेळ-दर आहेत ना, एवढं पाहिलं. दोन्ही बाजू एकदम बदलल्या तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही.

वाट बघणं

ॲनालिटिक्सचे आकडे यायला दोनेक दिवस लागतात, त्यामुळे रोज उघडून बघण्यात काही नसतं. मी तरी बघायचोच. पहिल्या आठवड्यात जुन्याचे शोधातले व्ह्यूज धाडकन पडले आणि नव्याचे वाढले नाहीत. घरात म्हणालोही की चालत्या गाड्याला खीळ घातली बहुतेक. दिवाळीत नवा चढू लागला. डिसेंबरच्या अखेरीला 'वेळ-दर' गटात तो जुन्याच्या पुढे होता. तरी हे आकडे मी निकाल म्हणून धरले नाहीत, कारण माझी मोजपट्टी एप्रिल-मेची होती.

जून २०२५ मध्ये तीच शीट पुन्हा भरली. 'वेळ-दर' गटात जुना ८००, नवा ५७००. बेरीज ६५००. म्हणजे एकूण प्रेक्षक परत तेवढेच, शंभराने वाढले. या आकड्याकडे नीट बघा. भांडण मिटवलं म्हणून प्रेक्षक दुप्पट होतात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दाभोळ फेरीची वेळ विचारणारी माणसं जगात जेवढी आहेत तेवढीच आहेत. बदललं ते हे की त्यांतल्या बहुतेकांना आता बरोबर दर दिसतात. जुन्याखाली दराच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. आणि 'गाडी' गट दीडशेवरून १३०० वर गेला, ही मात्र खरी नवी माणसं, कारण ती पूर्वी आपल्याकडे येतच नव्हती.

'दापोली-गुहागर' गटात शीर्षक बदलल्यामुळे जुन्याला फटका बसेल अशी भीती होती. थोडा बसला, १०५० चे ७०० झाले. गाडीने जाण्याच्या व्हिडिओने त्यातले काही उचलले. हे नुकसान मी मान्य करून टाकलं.

हे सगळं शीर्षकामुळे झालं, थंबनेलमुळे की दरम्यान नवा व्हिडिओ जुना होत गेल्यामुळे, ते मी सांगू शकत नाही. प्रत्येक गोष्ट वेगळी बदलून एकेक हंगाम थांबायचं म्हटलं तर चार वर्षं लागली असती. तुमचं चॅनल मोठं असेल, बारमाही शोध येत असतील, तर तुम्ही आधी फक्त शीर्षक बदलून महिनाभर थांबू शकता. आमच्यासारख्या हंगामी चॅनलला ती चैन नाही.

आता तवसाळ-जयगड फेरीची शीट काढलीय. तिथे दोन नव्हे, तीन व्हिडिओ आहेत: फेरीचा, गुहागर ते गणपतीपुळे प्रवासाचा आणि जयगड किल्ल्याचा. 'गुहागर ते गणपतीपुळे' गटात बेरीज वाढलेली दिसते, त्यामुळे ते तिथेच सोडतोय. नुसत्या `jaigad` या शब्दावर मात्र तिघेही येतात, आणि त्या माणसाला किल्ला हवा की बोट, हे सरासरी वेळावरूनही कळत नाहीये. भाचा म्हणतो संदिग्धमध्ये टाक आणि दिवाळीनंतर बघू. तसंच केलंय.